पश्चिमेची भिंत आणि फुल ग्लासचा हट्ट

वर्धा रोडला लागून ऑफिस बिल्डिंगचं काम आहे, रस्ता नेमका पश्चिमेला, आणि मालकांना समोरून फुल ग्लास पाहिजे. "मॅडम, पुण्यात सगळे काचाच लावून राहिले ना." आता पुण्याचा मे आणि नागपूरचा मे यात फरक आहे हे नागपूरच्या माणसाला मी काय सांगू!

त्यात काचवाल्याचा सेल्समन आधीच पेरून गेला होता की जितकी डार्क काच तितकं ऑफिस थंड. हे लोक चकचकीत कॅटलॉग देतात आणि एसएचजीसी विचारलं की सरांना फोन लावतात. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो तो आकडा. साध्या ६ मिमी ब्राऊन काचेचा ०.६ च्या आसपास असतो, कारण ती ऊन परत पाठवत नाही, स्वतः पिते, तापते आणि मग आत फेकते. उष्णता परतवणाऱ्या चांगल्या लो-ई कोटिंगच्या डबल काचेचा ०.२५ मिळतो, आणि उजेड तरी ४० टक्के येतो.

मग मी दुपारी चारला दोन्ही सॅम्पल टेरेसवर उन्हात उभे केले आणि मालकांना मागच्या बाजूने हात लावायला सांगितलं. ब्राऊन तव्यासारखी तापलेली, त्यांनी हात झटकन काढला. डबलची मागची काच कोमट. मला वाटलं जिंकलो, तर म्हणे, "मग हीच लावा ना पूर्ण."

इथे हिशोब काढावा लागला. समोरची भिंत ४२० चौरस मीटर, त्यातली ८० टक्के काच म्हणजे ३३६. मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरलं तर ब्राऊन काचेतून नुसत्या उन्हाचा लोड ३४ टन एसी, लो-ईने १४, आणि तीच लो-ई ठेवून काच ३० टक्क्यांवर आणली की साडेपाचच्या खाली. छज्जा दक्षिणेला कामाचा, पश्चिमेला त्या वेळी सूर्य समोरच येऊन बसतो आणि छज्जाखालून सरळ आत शिरतो, म्हणून काचच कमी करणं भाग होतं.

३४ आणि साडेपाच ऐकून ते गप्प झाले, ३० टक्के कबूल. पण रस्त्यावरून फुल ग्लासच दिसली पाहिजे! म्हणून आता उरलेल्या भिंतीला ब्लॉक, त्यावर इन्सुलेशन, आणि त्यापुढे पोकळी ठेवून शोची काच, तीही हीट-स्ट्रेंग्थन्ड, कारण मागे अडकलेल्या उष्णतेने साधी काच तडकते.

एसीचा प्रश्न सुटला हे खरंय, पण मला ते काही पटून नाही राहिलं. त्या शोच्या काचेच्या पैशात खऱ्या खिडक्यांना ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, सहज झाले असते, आणि ते मात्र "बजेटमध्ये बसत नाही" म्हणून ड्रॉइंगमधून उडाले.