स्टेप-अप हप्त्याचं कर्ज: सहीआधी मांडलेला तक्ता

मला १० लाखांचं कर्ज हवं होतं, मुदत १० वर्षं, व्याजदर ९ टक्के. समान हप्ता महिना १२,६६८ बसत होता आणि सुरुवातीच्या वर्षांत तेवढं झेपणार नव्हतं. कर्ज अधिकाऱ्यांनी स्टेप-अपचे दोन पर्याय सांगितले. एकात हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढणार होता आणि पहिल्या वर्षी ८,५२५ भरायचे होते. दुसऱ्यात वाढ १५ टक्क्यांची, पण सुरुवात फक्त ६,९०८ पासून. दुसरा आकडा पाहून कुणालाही तोच घ्यावासा वाटेल.

मी दोन्ही पर्यायांचा १२० महिन्यांचा परतफेडीचा तक्ता मागितला आणि घरी स्प्रेडशीटवर तो स्वतः मांडला. मांडणी अवघड नाही. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक गुणिले ०.७५ टक्के म्हणजे त्या महिन्याचं व्याज. हप्त्यातून ते वजा केलं की उरेल तेवढं मुद्दल फिटतं. दर १२ ओळींनंतर हप्ता वाढवायचा. पहिला हप्ता बरोबर असेल तर १२०व्या ओळीत शिल्लक शून्यावर येते, किरकोळ फरक सोडला तर.

मला हवं ते पहिल्याच ओळीत सापडलं. १० लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज ७,५०० होतं. ८,५२५ भरले तर मुद्दल १,०२५ ने कमी होतं. ६,९०८ भरले तर व्याजही पुरतं भरलं जात नाही. उरलेले ५९२ मुद्दलात जमा होतात आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्यावरही व्याज लागतं. पहिलं वर्ष संपताना शिल्लक १०,०७,४०० च्या आसपास होती आणि दोन वर्षं नियमित भरल्यावरही ती १० लाखांच्या वरच राहत होती. शेवटच्या वर्षी हप्ता २४,३०० च्या घरात जात होता. म्हणून पहिला हप्ता आणि पहिल्या महिन्याचं व्याज शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय स्टेप-अपचा विचारच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग एकूण व्याज काढलं. समान हप्त्यात ते सुमारे ५.२० लाख, १० टक्के वाढीत ६.३० लाख, १५ टक्के वाढीत ६.८३ लाख. दर तिन्हीकडे एकच होता. फरक पडतो तो मुद्दल उशिरा फिटल्यामुळे. पाच वर्षांनी समान हप्त्यात ६.१० लाख शिल्लक राहिले असते, १० टक्क्यांच्या स्टेप-अपमध्ये ७.९४ लाख. निम्मी मुदत संपली तरी निम्मं कर्जही फिटलेलं नसतं. मधेच कर्ज बंद करायची वेळ आली तर हा फरक एकरकमी भरावा लागतो, म्हणून तो एकूण व्याजापेक्षाही बारकाईनं पाहिला पाहिजे असं मला वाटतं.

पण जास्तीच्या १.१० लाखांकडे पाहून स्टेप-अप महाग ठरवणंही बरोबर नाही. मला महिना साडेआठ हजारच झेपत होते. तेवढ्याच समान हप्त्यानं हे कर्ज फेडायला साडेतेवीस वर्षांहून जास्त लागली असती आणि व्याज १४ लाखांच्या पुढे गेलं असतं. त्या तुलनेत ६.३० लाख मला मान्य होते. १० टक्क्यांचा पर्याय घेतला.

दर बदलता असल्यामुळे एक गोष्ट आणखी तपासली. दर १०.२५ टक्क्यांवर गेला की १० लाखांचं महिन्याचं व्याज ८,५४२ होतं, म्हणजे माझ्या पहिल्या हप्त्यापेक्षा जास्त. दर वाढल्यास हप्ता बदलणार की मुदत, हे मी लेखी विचारून घेतलं. ऑटो-डेबिटची कमाल मर्यादाही पहिल्या हप्त्याएवढी न ठेवता दहाव्या वर्षाच्या २०,१०० पेक्षा वर ठेवली, नाहीतर हप्ता वाढल्यावर कधीतरी तो खात्यातून वळताच झाला नसता.

पहिलं वर्ष संपल्यावर हाताशी ५० हजार आले, ते आगाऊ भरले. त्यावर आकार नाही, हे करारात आधीच पाहिलं होतं. पुढचे हप्ते ठरल्याप्रमाणे ठेवून मुदत कमी करा, असं स्पष्ट लिहून दिलं. नव्या तक्त्यात शेवटचे, म्हणजे सगळ्यात मोठे, पाच हप्ते पूर्ण गेले आणि सहाव्याचा जवळपास अर्धा. दर हाच राहिला तर व्याजात सुमारे ६० हजार वाचतात.