माक्याच्या तेलाचं लेबल लिहिताना

वहिनींनी माक्याच्या तेलाचं लेबल माझ्याकडे सोपवलं, तेव्हा छापखान्यानं सुचवलेला मजकूर सोबत दिला: 'केसगळती थांबवते, नवीन केस उगवते, अकाली पिकणे रोखते.' यातलं काहीच ठेवता येणार नाही, हे मी लगेच सांगितलं. टक्कल, अकाली पांढरे केस, नवीन केस येणं ही नावं औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये आहेत. ते बरं करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही. वहिनींचा परवाना तर सौंदर्यप्रसाधनाचा. 'आयुर्वेदिक' हा शब्दही त्यामुळे गेला, कारण त्याला आयुषचा वेगळा परवाना लागतो.

"भावजी, पण बायका स्वतः येऊन सांगत्यात की, केस गळायचे थांबले म्हणून. त्यांचं बोलणं छापू या."

बायका खोटं बोलत नाहीत, पण आपण छापलं की तो दावा आपला होतो.

मग लिहायचं काय? मी कढईजवळ बसून विचारत राहिलो. पंचगंगेकाठच्या शेतातला माका, बांधावर उपटलेला, मुळं काढून धुतलेला. त्याचा रस खोबरेल तेलात मंद आचेवर आटवायचा. पाणी असेपर्यंत तेल तडतडतं; आवाज बंद झाला की उतरवायचं. ओल राहिली तर तेल लवकर खवट होतं. हे मला सोन्यासारखं वाटलं, कारण हे खरं आहे, दाखवता येतं आणि दुसऱ्या कुठल्या बाटलीवर मी वाचलेलं नाही. मजकूर असा झाला:

'पंचगंगेकाठचा ताजा माका. रस खोबरेल तेलात मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत आटवलेला. केस मऊ होतात, चमकतात, गुंता सोडवणं सोपं जातं. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा.'

शेवटची ओळ वहिनींना फालतू वाटली. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि कोल्हापूरच्या थंडीत गिऱ्हाईक 'भेसळ आहे काय?' म्हणून बाटली परत आणतं.

'केमिकलमुक्त' मात्र मी अडवलं. वहिनी त्यात थोडा सुगंध आणि जीवनसत्त्व ई घालतात. मागच्या बाजूला घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, तिथे दोन्ही दिसणारच. पुढे एक आणि मागे दुसरं असं नको. घटकांत खोबरेल तेल पहिलं आलं, माका नंतर. वहिनींना वाईट वाटलं, पण क्रम तोच राहिला.

एक गोष्ट उरली होती. उन्हाळ्यात ताजा माका मिळत नाही, वाळवलेला वापरतात. त्या बॅचसाठी 'ताजा' आणि 'रस' हे दोन्ही शब्द काढून 'वाळवलेल्या माक्याचा काढा' असा वेगळा मजकूर दिलाय, आणि छापखान्याला दोन्ही लेबलं वेगवेगळ्या रंगांत करायला सांगितलंय, म्हणजे बाटल्या भरताना अदलाबदल होणार नाही.