बंद केलेल्या कार्डावर गेलेला रिफंड : माझा अनुभव

माझे पैसे हरवले नव्हते. ते बँकेतच होते, माझ्याच नावावर, आणि जवळजवळ दोन महिने तिथल्या एकाही माणसाला ते दिसले नाहीत. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एका क्रेडिट कार्डावरून हॉटेलचं बुकिंग केलं होतं. ३ मार्चला सगळी थकबाकी भरून ते कार्ड मी कायमचं बंद केलं. २० मार्चला हॉटेलने स्वतःहून बुकिंग रद्द केलं आणि पूर्ण रक्कम परत करतो असं कळवलं. २४ मार्चला मेल आला की रिफंड केला आहे, मूळ कार्डावर पाच ते दहा कामकाजाच्या दिवसांत जमा होईल. मूळ कार्ड तर तीन आठवड्यांपूर्वीच बंद झालेलं.

मी लगेच हॉटेलला लिहिलं की दुसऱ्या कार्डावर पाठवा. त्यांनी नकार दिला. तेव्हा चीड आली, पण त्यांचं बरोबर होतं. कार्डाने घेतलेले पैसे त्याच कार्डावर परत करायचे, असा कार्ड नेटवर्कचा सर्वसाधारण नियम आहे, कारण एका कार्डाने खरेदी करून दुसऱ्या कार्डावर पैसे काढून घेणं हा फसवणुकीचा जुना मार्ग आहे. शिवाय एकदा रिफंड निघाला की दुकानदाराच्या हातात तो उरत नाही. त्याच्या बँकेकडून तो नेटवर्कमार्गे आपल्या बँकेकडे जातो.

आपल्या बँकेत पोचल्यावर काय होतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. रिफंड प्लास्टिकच्या कार्डाला शोधत जात नाही, त्या नंबरामागच्या खात्याला शोधतो. डेबिट कार्ड हरवलं आणि नवीन आलं, तर जुन्या नंबरावर आलेला रिफंड सहसा त्याच बचत खात्यात पडतो. माझ्या भावाचा तसाच पडला. पासबुकातल्या नोंदीत जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे होते, त्याला काहीच करावं लागलं नाही. क्रेडिट कार्ड बदलून मिळालं असेल, तर बँक जुना नंबर नव्या नंबराशी जोडून ठेवते आणि रक्कम नव्या कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये दिसते. कार्ड बदललेलं असेल तर घाबरू नका, दहा-बारा दिवस थांबा आणि स्टेटमेंट नीट बघा. एवढंच की क्रेडिट कार्डावर आलेला रिफंड बिलातून वळता झाला आहे का ते बघा, झाला नसेल तर त्या महिन्याची किमान रक्कम वेगळी भरा.

खरी अडचण होते ती क्रेडिट कार्डाचं खातंच बंद केलं असेल तेव्हा. मग दोन शक्यता उरतात. एक, बँकेची यंत्रणा जुना नंबर अजून ओळखते आणि रक्कम बंद खात्यावर जमा शिल्लक म्हणून पडून राहते. दोन, बँक ती नाकारते आणि पैसे हॉटेलच्या बँकेकडे परत जातात. यातलं नेमकं काय झालं, हे शोधण्यातच माझे दोन महिने गेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला. यंत्राने कार्ड नंबर मागितला, मी जुना टाकला, "हा नंबर वैध नाही" म्हणून फोन कट. तीन वेळा. चौथ्या वेळी मी "कार्ड हरवलं आहे" हा पर्याय दाबला, कारण तिथे नंबर न टाकता माणूस मिळतो. (हे लक्षात ठेवा, बंद कार्डवाल्यांसाठी दुसरा रस्ता मला सापडला नाही.) त्या मुलाने माझं नाव आणि जन्मतारीख घेतली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावावर आमच्याकडे कार्डच नाही." मी म्हटलं, होतं, मार्चमध्ये बंद केलं. "मग पैसे हॉटेलकडे परत गेले असतील, त्यांच्याशी बोला."

हॉटेलने सांगितलं, आमच्याकडे काहीही परत आलेलं नाही, आणि सोबत रिफंडचा एक क्रमांक पाठवला, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. मी तो बँकेला दिला. बँक म्हणाली, असा क्रमांक आमच्याकडे चालत नाही. आठवडाभर मी या दोघांच्या मधे चेंडूसारखी फिरले. तो क्रमांक हॉटेलच्या स्वतःच्या यंत्रणेतला होता, बँकेच्या दृष्टीने त्याला काही अर्थच नव्हता, आणि हे दोघांपैकी एकानेही मला सांगितलं नाही.

मागायचा असतो तो एआरएन. हा तेवीस आकडी क्रमांक असतो, त्यात फक्त आकडे असतात, आणि रिफंड प्रत्यक्ष बँकांच्या हिशोबात गेल्यावरच तो तयार होतो. दुकानदाराला तो त्याच्या पेमेंट गेटवेकडून मिळतो. ग्राहकसेवेतल्या पहिल्या माणसाला बहुतेक हा शब्द माहीत नसतो, म्हणून "हिशोब विभागाकडून घेऊन द्या" असं लेखी मागा. मला तो मिळायला बारा दिवस लागले.

एआरएन आला तेव्हा मी तो कागदावर लिहून काढला आणि आकडे मोजले. पहिल्या आकड्यानंतरचे सहा आकडे दुकानदाराच्या बँकेची ओळख असतात. आठव्यापासून अकराव्यापर्यंतच्या चार आकड्यांत तारीख असते. माझ्याकडे तिथे ५०८३ होतं. ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे २०२५, आणि ०८३ म्हणजे वर्षाचा त्र्याऐंशीवा दिवस. जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, वर चोवीस : २४ मार्च. हॉटेलने खरोखर त्याच दिवशी रिफंड पाठवला होता. त्या क्षणी हॉटेलवरचा माझा राग संपला आणि पूर्ण लक्ष बँकेवर गेलं.

एआरएनच मिळत नसेल, तर आपलं जुनं स्टेटमेंट काढून मूळ खर्च तिथे चढला होता का ते बघा. व्यवहार पक्का होण्याआधीच रद्द झाला असेल, तर फक्त अडवून ठेवलेली रक्कम सुटते, वेगळा रिफंड निघतच नाही आणि एआरएनही नसतो. खर्च चढलेला आहे आणि तरीही दुकानदार एआरएन देत नाही, तर बहुधा रिफंड केलेलाच नाही. अशा वेळी कार्ड बंद असलं तरी त्याच बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे दुकानदाराकडून पैसे परत वसूल करून देण्याचा, दावा करता येतो, पण त्याला मुदत असते, रेंगाळू नका. एआरएन हातात असताना मात्र चार्जबॅकच्या वाटेला जाऊ नका. मला हेल्पलाइनवर दोनदा तोच सल्ला मिळाला. दुकानदार एआरएन पुढे करतो, रिफंड दिल्याचं सिद्ध होतं, दावा फेटाळला जातो आणि आणखी काही आठवडे वाया जातात.

एआरएन घेऊन फोन केल्यावरही उत्तर तेच : "कार्ड बंद आहे मॅडम, पैसे परत गेले." एकूण सहा जणांनी मला हे सांगितलं. कुणीही खातं उघडून बघितलं नव्हतं. हेल्पलाइनच्या पडद्यावर फक्त चालू कार्डं दिसतात आणि बंद खात्याचं स्टेटमेंट निघत नाही, हे मला सहाव्या मुलीने सांगितलं. तिने निदान प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून तिचे आभार.

मग मी फोन बंद केले आणि लेखी तक्रार केली. त्यात एआरएन, रिफंडची तारीख, रक्कम, जुन्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि खातं बंद झाल्याचं बँकेचंच पत्र एवढंच दिलं. पूर्ण कार्ड नंबर मेलमध्ये कधीच लिहू नका, चार आकडे पुरतात. मी कार्ड कापून फेकलं होतं, ते चार आकडे जुन्या स्टेटमेंटवर सापडले. शेवटी एकच प्रश्न विचारला : "हा रिफंड तुम्ही नाकारला असेल, तर कोणत्या तारखेला आणि कोणत्या संदर्भ क्रमांकाने परत पाठवला ते कळवा. नाकारला नसेल, तर तो सध्या कोणत्या खात्यात आहे ते कळवा."

या प्रश्नानेच काम झालं. परत पाठवलेल्या पैशाची नोंद राहते, त्यामुळे "परत गेले असतील" हे लिहून देता येत नाही. कुणाला तरी आत जाऊन बघावंच लागलं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चार ओळींचं उत्तर आलं : रक्कम २६ मार्चला बंद खात्यावर जमा झाली असून तिथे जमा शिल्लक आहे. म्हणजे मी पहिला फोन केला, त्याच्याही आधी पैसे तिथे येऊन पडले होते!

तुम्हाला जर नाकारल्याची तारीख आणि क्रमांक मिळाला, तर तेच उत्तर दुकानदाराच्या हिशोब विभागाकडे पाठवा. मग पैसे खरंच त्यांच्याकडे आहेत आणि ते दुसऱ्या मार्गाने द्यायची जबाबदारी त्यांची आहे.

पुढचं सोपं झालं. जमा शिल्लक परत मिळवण्याचा अर्ज, ओळखपत्र आणि माझ्याच नावावरच्या बँक खात्याचा पुरावा दिला. दुसऱ्याच्या नावावरचं खातं चालत नाही. २ जूनला पूर्ण रक्कम खात्यात आली. मी तीन वेळा ॲप उघडून आकडा बघितला.

मधल्या काळात "तुमचा अडकलेला रिफंड सोडवून देतो, ओटीपी सांगा" असा एक फोन येऊन गेला. रिफंड जमा व्हायला ओटीपी लागत नाही. असा फोन आला तर लगेच ठेवून द्या.

आणि कार्ड बंद करायचं ठरवलंच असेल, तर आधी त्या कार्डावरची पुढच्या तारखांची बुकिंगं आणि परत पाठवलेल्या वस्तू आठवून बघा. त्यातलं काही रद्द होण्यासारखं असेल, तर ते मिटेपर्यंत खातं चालू ठेवा. माझं हॉटेलचं बुकिंग एप्रिलचं होतं. मी कार्ड मेमध्ये बंद केलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.