बटाट्याचं पाणी

सोमवारची सकाळ डायलिसिस विभागात नेहमीच जड असते. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं चक्र असलेल्या रुग्णांचा शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात लांबचा खंड. बाकी दोन वेळा मध्ये एकच दिवस जातो, इथे दोन जातात. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही त्या दोन दिवसांत साठतं, म्हणून आहारतज्ज्ञ म्हणून मी सोमवारी सगळ्यात आधी वजनाच्या काट्यापाशी उभी राहते.

त्या दिवशी काका काट्यावर चढलेच नाहीत. पायरीएवढी उंची, पण त्यांचा पाय उचलेना. "पाय शिशाचे झालेत," म्हणाले. सिस्टरनी नाडी धरली आणि माझ्याकडे बघितलं. नाडी अठ्ठेचाळीस. मिनिटभरात ईसीजी निघाला. त्यात टी लहरी तंबूच्या खांबासारख्या उंच आणि टोकदार. रक्ताचा रिपोर्ट मशीनवर लगेच काढला, पोटॅशियम 7.1. दर महिन्याला त्यांचं डायलिसिसपूर्वीचं पोटॅशियम पाच ते साडेपाचच्या दरम्यान यायचं. डॉक्टरांनी हृदयाला आधार म्हणून शिरेतून कॅल्शियम दिलं आणि त्याच वेळी सुया लावून डायलिसिस सुरू केलं. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, ते हृदयाला तेवढा वेळ सांभाळतं. पोटॅशियम शरीराबाहेर काढायचं काम मशीनचं.

काका स्थिर झाल्यावर मी काकूंना बाजूला घेतलं. मला खरं म्हणजे पटतच नव्हतं. माझ्या यादीत सगळ्यात काटेकोर घर हेच. काकू रोज वहीत लिहायच्या: किती वाट्या, किती ग्रॅम, कसं शिजवलं. वही उघडली. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस बटाट्यापुढे त्यांच्या सुबक अक्षरात: "सोलून, बारीक फोडी, भरपूर पाण्यात उकळून, पाणी काढून." मीच शिकवलेलं, शब्दही माझेच.

केळी, सुका मेवा, फळांचा रस, कमी सोडियमचं मीठ, सगळं विचारून झालं. त्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणून ते आमच्या रुग्णांना वर्ज्य. काहीच नव्हतं. मग नुसतं बोलता बोलता काकू म्हणाल्या, "आठ-दहा दिवस त्यांना जेवणच जाईना, म्हणून सूप करून देते. तेवढंच पोटात जातं."

"सूप कशाचं?"

"बटाट्याच्या त्याच पाण्याचं. सगळं सत्त्व त्यातच असतं ना ताई, ओतून कसं टाकायचं?"

मी वही मिटली. "पाणी काढून" हे शब्द खरे होते. काढलेलं पाणी कुठे जातं, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

काकूंनी हातवारे करून दाखवलं. मोठ्या पातेल्यात चौघांचे बटाटे एकत्र उकळायचे, साधारण सहाशे ग्रॅम. गाळणीतून पाणी दुसऱ्या पातेल्यात. ते आटवून दाट करायचं, म्हणजे चव येते. दोन वाट्या काकांना, उरलेलं डाळीत.

मी वहीच्या मागच्या पानावर त्यांच्यासमोर हिशेब मांडला. कच्च्या बटाट्यात शंभर ग्रॅमला सुमारे 420 मिलीग्रॅम पोटॅशियम, म्हणजे सहाशे ग्रॅममध्ये अडीच हजार. फोडी करून भरपूर पाण्यात उकळल्या की त्यातलं निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरतं, साधारण बाराशे. ते पाणी आटवलं तरी पोटॅशियम उडून जात नाही, फक्त घट्ट होतं. काकांच्या पानात बटाट्याच्या चार फोडी पडत होत्या, पण दोन वाट्या सूप आणि डाळ मिळून चौघांच्या बटाट्यांतलं सहाशेच्या आसपास पोटॅशियम एकट्या त्यांच्या पोटात जात होतं. त्यांची दिवसाची मर्यादा दोन हजार. वहीत अठराशे दिसत होते, खरे चोवीसशे होते.

एवढ्याने 7.1 झालं असं मी म्हणणार नाही. काकांना तीन दिवस शौचाला झालं नव्हतं. किडनी काम करत नसते तेव्हा आतडं पोटॅशियमचा बराच भार उचलतं, आणि बद्धकोष्ठता झाली की तो रस्ताही बंद होतो. डॉक्टरांनी फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, नीट चालतो आहे ना, हेही तपासून घेतलं. तो ठीक होता. पण बदललेली गोष्ट म्हणजे सूप, आणि ते दुहेरी घातक होतं, कारण ते पेयही होतं.

काकांचं कोरडं वजन, म्हणजे साठलेलं जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन, 58 किलो. त्या दिवशी कसंबसं आधार देऊन वजन घेतलं, तेव्हा 61.6 भरलं. म्हणजे 3.6 लिटर पाणी वर. चार तासांत एवढं ओढलं तर रक्तदाब पडतो, पायात गोळे येतात. म्हणून त्या दिवशी तीन लिटरच्या आतच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी जादा डायलिसिस लावलं. काकू म्हणत होत्या, "पाणी तर मोजूनच देते." ते खरं होतं. ग्लासातलं पाणी मोजलं जात होतं, वाटीतलं सूप जेवणात धरलं जात होतं.

मी त्यांना बाटलीची पद्धत सांगितली. काकांना चोवीस तासांत सुमारे 300 मिली लघवी होते. त्यात 500 मिळवायचे, म्हणजे दिवसाला 800. सकाळी बाटलीत 800 मिली पाणी भरायचं. चहा घेतला, औषधाबरोबर घोट घेतला, डाळीचं पाणी घेतलं, की तेवढं बाटलीतून ओतून द्यायचं. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. मीठ कमी ठेवलं नाही तर ही पद्धत टिकत नाही, कारण खारट खाणाऱ्याची तहान कुठलीच बाटली अडवू शकत नाही.

मग काकूंचा खरा प्रश्न आला. "मग ताकद कशाने येणार? सगळंच ओतून द्यायचं?"

हे ऐकून मला वाईट वाटलं. त्यांना नियम मोडायचा नव्हता, नवरा खंगताना बघवत नव्हतं. त्या पाण्यात बी आणि सी जीवनसत्त्वं उतरतात हे खरं आहे, म्हणून तर डायलिसिसच्या रुग्णांना डॉक्टर त्या गोळ्या देतात. पण ताकद प्रथिनांतून येते, आणि डायलिसिसमध्ये प्रथिनं बाहेरही जातात. काकांना दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास हवीत. भूक नसेल तर सूपाने पोट भरून ठेवायचं नाही. थोडं थोडं चार वेळा द्यायचं, आणि प्रत्येक वेळी आधी अंडं, मासे किंवा चिकन, मग बाकीचं.

आणि कुकरबद्दलही सांगून टाकलं, कारण तोही घोटाळा मी पाहिला आहे. वाफेवर किंवा बेताच्या पाण्यात कुकरला शिजवलं तर पाणी भाजीतच जिरतं, पोटॅशियम आत राहतं. नुसतं रात्रभर भिजत ठेवूनही बटाट्यातून फारसं निघत नाही. फोडी बारीक, पाणी भरपूर, उकळ चांगली, आणि पाणी मोरीत.

काकूंनी वही माझ्या हातातून घेतली. "पाणी काढून" खोडलं आणि वर लिहिलं, "पाणी मोरीत ओतून."

पुढच्या सोमवारी काका स्वतः काट्यावर चढले. वजन 60.2, पोटॅशियम 5.4. मी त्या दिवसापासून प्रत्येक घराला एक प्रश्न जास्त विचारते. त्याच आठवड्यात विचारलेल्या अकरा घरांपैकी तीन घरांत ते पाणी डाळीत जात होतं.