एकाच बलाचे दोन ठिपके

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका शॉपमधली गोष्ट. तिरक्या भोकाला आटे पाडताना फिक्श्चर वळत होतं, म्हणून त्याखाली सहा घटक मोजणारा लोड सेल बसवला होता. सेलचा माथा z = 0, आणि z खालच्या दिशेने. टॅप चालू असताना आलेलं रीडिंग असं:

```
F = (200, -100, 200) N
M = (26, -13, -19) N·m
```

सेटरने भागाकार करून टेबलावर खडूने ठिपका काढून ठेवला होता. "सर, बल इथूनच जाते." त्याने x = −My/Fz, y = Mx/Fz असं केलं होतं: 65 आणि 130 मिमी. भागाकार बरोबरच होता. त्या ठिपक्यावर आधारही दिला होता, तरी फिक्श्चर वळतच होतं.

कारण या भागाकाराने फक्त Mx आणि My शून्य होतात. ठिपक्यापाशी 13.5 N·m चं उभं मोमेंट उरतंच, आणि ते बलाच्या दिशेत नाही. बल आणि त्याच्याच दिशेतलं मोमेंट, या जोडीला रेंच म्हणतात. तिचा अक्ष हवा असेल तर आधी M चा F ला समांतर भाग वेगळा काढावा लागतो. F·M = 5200 + 1300 − 3800 = 2700. F² = 90000. भागाकार 0.03 मीटर, म्हणजे रेंचचा पिच 30 मिमी, आट्यांचा नव्हे. समांतर मोमेंट पिच गुणिले F, म्हणजे (6, −3, 6), परिमाण 9 N·m. कुठलाही बिंदू घ्या, याहून कमी मोमेंट मिळत नाही.

अक्षाची जागा r = (F×M)/F². इथे क्रम उलटला, तर अक्ष मूळबिंदूच्या पलीकडे जातो. ही चूक मी कॉलेजातून आलेल्या बहुतेक पोरांकडून पाहिली आहे. उत्तर (50, 100, 0) मिमी. ड्रॉइंगवर भोकाची मध्यरेषा वाढवली, तर ती सेलच्या माथ्याला नेमकी तिथेच छेदते. तसंच व्हायला हवं, कारण टॅप दाबतो आणि पिळतो ते स्वतःच्याच अक्षावर. पिचही धन, उजव्या आट्यांना साजेसा. रेषा जुळली नसती, तर मी आधी टॅप कलंडलाय का ते पाहिलं असतं.

मग आधार अक्षावर हलवायचा का? इथे माझं मन अजून डळमळतं. अक्षावरचं 9 N·m अडवायला 90 मिमी अंतरावरच्या दोन पिनांवर प्रत्येकी 100 N येतात, पण पिना तिरक्या प्रतलात बसवाव्या लागतात. सेटरच्या ठिपक्यापाशी 150 N येतात, पण पिना टेबलावर सरळ उभ्या राहतात. आम्ही 150 वाल्या ठेवल्या.

टॅप उलटा फिरवताना मात्र स्क्रीनवरचा अक्ष भलतीकडेच पळाला. बल 300 वरून 10 N पर्यंत उतरलं होतं. मोमेंटमधली 1 N·m ची चूक 300 N ला अक्ष जेमतेम 3 मिमी हलवते, 10 N ला तीच 100 मिमी हलवते, आणि बल शून्य झालं की अक्षच नसतो. सॉफ्टवेअर तरीही ठिपका काढतच राहतं. आता 50 N खालची रीडिंग आम्ही काढून टाकतो.