दोन हजार बाकी राहिले आणि दोन हजारच जास्तीचे लागले

"दादा, क्रेडिट कार्डच्या बिलाचा फोटो पाठवलाय, जरा बघा ना. तीस हजारातले अठ्ठावीस हजार मी तारखेच्या आत भरलेत, मग हे जास्तीचे पैसे कशाचे?"

ताई, तुम्ही पाठवलेला फोटो पहिल्या पानाचा आहे. त्यावर चौकटीत फक्त टोटल अमाउंट ड्यू, मिनिमम ड्यू आणि शेवटची तारीख असते, उत्तर तिथे नसतं. उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर खरेदीच्या यादीतच घुसलेलं असतं, म्हणून कोणी विचारलं की मी आधी सगळी पानं मागतो आणि सोबत मागच्या महिन्याचं बिलही मागतो. कारण व्याज या बिलात दिसत असलं तरी त्याची सुरुवात मागच्या बिलातल्या खरेदीपासून झालेली असते. (आणि पाठवताना कार्ड नंबर झाकत जा, मला तो लागत नाही.)

तुमची पानं आली त्यात हे दिसलं. १५ मे ला ३०,००० चा फ्रिज. १० जूनला बिल निघालं, भरायची तारीख ३० जून. २० जूनला ६,००० चा किराणा आणि कपडे. २९ जूनला २८,००० भरले, समोर Cr लिहिलंय म्हणजे जमा. आणि मग १० जुलैच्या बिलात यादीच्या शेवटी दोन ओळी, फायनान्स चार्जेस म्हणजे व्याज १,७१६.८२ आणि आयजीएसटी ३०९.०३. मिळून २,०२५.८५.

बँकेने बेरीज चुकवली असेल असं सगळ्यांना आधी वाटतं, मी मोजून बघितलं, चूक नाहीये. आपण असं धरतो की ज्या दोन हजारांची बाकी राहिली त्याच्यावर व्याज लागेल. पण बिनव्याजी मुदत मिळते ती एका अटीवर, की बिलातली टोटल रक्कम तारखेच्या आत पूर्ण भरली पाहिजे. एक रुपया जरी कमी पडला तरी ती मुदत त्या बिलापुरती गेली, आणि मग व्याज ३० जूनपासून नाही, ज्या दिवशी फ्रिज घेतला त्या दिवसापासून लागतं. तुमच्या कार्डचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, ऐकायला कमी वाटतो पण वर्षाचा धरला तर ४२ टक्के.

आता हिशोब. फ्रिजचे पूर्ण ३०,००० हे १५ मे ते २९ जून म्हणजे ४५ दिवस बाकी होते, त्याचं व्याज साधारण १,५५३ रुपये. पैसे भरल्यावर २,००० राहिले, त्यांचे बिल निघेपर्यंतचे ११ दिवस, व्याज फक्त २५ रुपये. ज्या दोन हजारांवरून तुम्ही माझ्याशी भांडत होतात त्यांचं व्याज इतकंच आहे, बाकी सगळं फ्रिजच्या त्या ४५ दिवसांचं.

राहिले १३८ रुपये. ते नवीन खरेदीचे, आणि हे लोकांना सगळ्यात जास्त खटकतं. २० जूनचा किराणा तर पुढच्या बिलातला, त्याची तारीख अजून आलेलीच नाही. तरी व्याज, कारण मागची बाकी असली की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू, म्हणून २० दिवसांचे १३८. आणि या सगळ्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, तीच आयजीएसटीची ओळ. कार्ड घेताना जे अटींचं बारीक अक्षरातलं पुस्तक येतं त्यात हा हिशोब उदाहरणासकट दिलेला असतो. सगळ्या बँकांची पद्धत तंतोतंत एक नसते म्हणून तुमच्याच कार्डचं उदाहरण बघा, दुसऱ्याचं नको.

लेट फी मात्र तुम्हाला लागलेली नाही, ती वेगळी गोष्ट आहे. मिनिमम ड्यू तारखेच्या आत पोचला नाही की ती लागते, तुमचा मिनिमम १,५०० होता आणि तुम्ही २८,००० भरलेत. मिनिमम भरला की लेट फी टळते, व्याज टळत नाही, एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी अर्धी बिलं स्वतःची स्वतः वाचता येतील. लेट फीबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्यात भरायची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच ती लावता येते आणि ती तारखेनंतर जी रक्कम बाकी आहे तिच्यावरच, सगळ्या बिलावर नाही. म्हणजे ३० जूनची तारीख असेल आणि पैसे २ जुलैला जमा झाले तर लेट फीची ओळ यायला नको, आली तर तक्रार करा. पण व्याजाला ही तीन दिवसांची सवलत आहे असं धरून चालू नका. आणि पैसे आपण पाठवले तो दिवस धरला जात नाही, कार्डला जमा झाले तो धरतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी रात्री भरणं मला तरी धोक्याचं वाटतं.

आता पुढचं, कारण याच्यासाठी तुमचा परत फोन येणार. १० जुलैचं बिल १०,०२५.८५ चं आहे. समजा हे तुम्ही २८ जुलैला पूर्ण भरलंत, तारखेच्या आत. तरी ऑगस्टच्या बिलात पुन्हा व्याज दिसेल, कारण बाकीच्या आणि किराण्याच्या मिळून ८,००० वर १० ते २८ जुलै व्याज चालूच होतं, ते साधारण १६६ रुपये आणि वर जीएसटी. लोक इथे फार चिडतात, पूर्ण भरलं तरी परत कसं काय! ते मागच्याचंच शेपूट असतं. दिवसाला नऊ रुपये पडतायत, म्हणून २८ ची वाट बघू नका, आजच भरा. आणि एक बिल व्याजाच्या ओळीशिवाय येईपर्यंत हे कार्ड वापरू नका, त्या काळात जे घ्याल त्याच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागू शकतं.

पूर्ण रक्कम भरणं जमत नसेल असं आधीच दिसत असेल तर मोठी खरेदी तारखेच्या आत ईएमआयवर टाकता येते का ते बँकेला विचारा. त्याचा दर बहुतेक वेळा ४२ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो, प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून तुलना करा. दर जास्त आहे म्हणून कोर्टात जाऊ म्हणाल तर ३० टक्क्यांची जी मर्यादा ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे तो रस्ता नाही. हिशोबातच चूक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर करता येते, फुकट असते.

अजून एक, तुमच्या ॲपमध्ये ऑटो पे उघडून बघा. तिथे मिनिमम आणि टोटल असे दोन पर्याय असतात, मी बघितलेल्या बऱ्याच जणांचा मिनिममवर लावलेला असतो आणि त्यांना वाटत असतं की बिल आपोआप भरलं जातंय. तुमचा मिनिममवर असेल तर टोटलवर करा आणि खात्यात तेवढे पैसे आधी दोन दिवस ठेवा.