आईच्या वारीचे बूट आणि ‘लहान होतो’चा फॉर्म

आईला या वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जायचं होतं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, बराचसा डांबरी, त्यात पाऊस. घरातल्या चपलांवर ते झेपणार नाही म्हणून तिच्यासाठी चालायचे बूट ऑनलाइन मागवले. निवडणं, पैसे भरणं, घरी येणं, सगळं सुरळीत झालं. अडलो ते मापावर आणि नंतर बदलून घेण्याच्या फॉर्मवर. तो फॉर्म आठवला की अजून डोकं तापतं.

वर्णनात लिहिलं होतं: यूके ६, ईयू ३९, २५ सेमी. आता हे २५ सेमी कशाचे? पावलाचे की बुटाच्या आतल्या लांबीचे? काही कंपन्या हे देतात, काही ते. आईचं पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत २४ सेमी. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळा हवाच, कारण चालून पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे सरकतात. म्हणजे आतली लांबी २५ असेल तर बूट बरोबर, पण २५ सेमीच्या पावलासाठी असेल तर ढगळ. बूट आल्यावर सुखतळा बाहेर काढून पट्टीने मोजला, २५ भरला. लांबी जमली.

आणि तरी आईला चालवेना. करंगळीपाशी आग व्हायची. सुखतळा जमिनीवर ठेवून तिला त्यावर उभं केलं, तर चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. लांबीत काहीच चूक नव्हती, बूट अरुंद होता. आयुष्यभर चपला घालणाऱ्यांचे पाय बऱ्याचदा असे पसरट असतात. वर्णनात मात्र रुंदीचा उल्लेखच नव्हता, नुसतं ‘आरामदायी फिट’.

बदलीचा फॉर्म उघडला. कारणं दोनच: ‘लहान होतो’ आणि ‘मोठा होतो’. ग्राहक सेवेला फोन लावला.

“लांबी बरोबर आहे हो, रुंदी कमी पडते.”

“मॅडम, मग तुम्ही ‘लहान होतो’ सिलेक्ट करा, आम्ही ७ नंबर पाठवतो.”

“७ नंबर लांब होईल ना!”

“मॅडम, साइज चार्ट बघून घ्या.”

तोच चार्ट, ज्यात रुंदीचा रकाना नाही! दुसरा मार्ग नव्हता म्हणून ७ नंबर येऊ दिला. यूकेचा एक नंबर म्हणजे लांबीत साडेआठ मिलिमीटरची वाढ. रुंदी वाढते, पण जेमतेम. आता टाच मागे उचलली जायला लागली, आणि बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याच्या पुढे, बोटांवर आली. याने फोड येणारच. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा ‘मोठा होतो’वर टिचकी. शेवटी बदली सोडून परतावा मागितला तेव्हा सुटका झाली.

तोडगा सापडला पुरुषांच्या विभागात. पुरुषांचे बूट त्याच लांबीला मुळातच रुंद असतात, त्यातही ‘२ई’ किंवा ‘वाइड’ लिहिलेले आणखी रुंद. यूके नंबर बायकांना आणि पुरुषांना एकच मोजणीचा, त्यामुळे ६ तो ६च राहिला. अमेरिकन नंबर बघून घेत असाल तर सांभाळा, तिथे बायकांचा ८ म्हणजे पुरुषांचा साडेसहाच्या आसपास. या वेळी दुकानात गेलो, तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, आणि वारीत घालायचे तेच मोजे घालून.

हो, सोलचं राहिलंच. पहिल्या बुटाच्या वर्णनात ‘प्रीमियम सोल’ होतं, म्हणजे काहीच नाही. विचारायचं ते हे: मधला थर ईव्हीए नावाच्या फोमचा आहे का (हलका, धक्का शोषणारा, पण वापरून दबत जाणारा), आणि जमिनीला लागणारा थर रबराचा आहे का. खालपर्यंत नुसता ईव्हीए असेल तर डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या सोलचा जुना पडून राहिलेला माल टाळा. दमट हवेत तो आतून कुजतो आणि एक दिवस चालता चालता त्याचे तुकडे पडतात. वर जाळीचं कापड बरं. पाणी आत येतं, पण लवकर वाळतंही.

निघायच्या आधी ती ते बूट रोज वाढत्या अंतरासाठी घालत होती. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांबलचक टप्पा त्याच बुटांवर पार पडला, करंगळी शाबूत. बोटांजवळच्या पहिल्या दोन भोकांतून लेस काढून टाकली तर चवड्याला आणखी जागा मिळते, हे तिला दिंडीतल्या एका मावशींनी सांगितलं. दुकानदारानं नाही.